एकाच पायाची चप्पल

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे चपला-बूट दुरुस्त करणारे एक काका बसतात. टाचेचं रबर बदलायला मी त्यांच्याकडे चपला दिल्या होत्या. त्यांनी दोन्ही चपला उलट्या करून शेजारी-शेजारी धरल्या, डावीच्या टाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, डावी आतल्या अंगाला लई खाल्लीया. आधी दोन्ही सारख्याच झिजायच्या की तुमच्या." एवढं बोलून ते खिळे काढायला लागले. मी स्टुलावर एका पायावर तोल सावरत बसले होते आणि मला ते वाक्य काही केल्या सोडेना. कारण डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, गेल्या काही आठवड्यांपासून एक ठसठस होती. ती मी रोजच्या पायदुखीतच मोजत होते, आणि या माणसानं ती वेगळी काढून माझ्या हातात ठेवली होती.

माझे पाय जन्मापासून सपाट. लहानपणी मोरीतून ओल्या पायानं शहाबादी फरशीवर आले की भावंडांच्या पावलांचे ठसे मधे कमरेसारखे बारीक व्हायचे आणि माझा ठसा टाचेपासून बोटांपर्यंत भरलेला, वीट ठेवावी तसा उमटायचा. आजी म्हणायची, पोरीचं पाऊल भरीव आहे. पुढे शाळेत नोकरी लागली. दिवसभर फळ्यासमोर उभं राहणं, दोन मजले चढ-उतार, परीक्षेत वर्गभर फेऱ्या. संध्याकाळी घरी आलं की तळव्यांत एक जड, भरलेली कळ असायची. मधल्या खोलगट जागी, जिथं माझ्या पायाला खोलगा नाहीच, तिथं काहीतरी ताणून धरल्यासारखं वाटायचं आणि पोटऱ्या दगड व्हायच्या. बादलीत गरम पाणी, त्यात मूठभर खडे मीठ, नंतर खोबरेल तेल चोळून उशीवर पाय. सकाळी पाय पुन्हा ताजे. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याला मी दुखणं म्हणतच नव्हते.

आणि तसं ते दुखणं नव्हतंही. सपाट पाय असणं म्हणजे आजार नव्हे. सगळी तान्ही बाळं सपाट पायांचीच असतात. कमान हळूहळू, साधारण सहा ते दहा वर्षांपर्यंत भरत जाते आणि काहींची भरतच नाही. त्यातले बहुतेक जण आयुष्यभर धावतात, चढतात, शेतात राबतात आणि त्यांना काहीही होत नाही. ज्यांचे पाय संध्याकाळी थकतात त्यांचंही कारण सरळ असतं. कमानीचा आधार कमी पडला की उभं राहण्याचं काम पोटरीतल्या आणि तळव्यातल्या स्नायूंना दिवसभर जास्त करावं लागतं. स्नायू थकतात, विश्रांती मिळाली की सावरतात. अशा थकव्याची ओळख तीन गोष्टींवरून पटते: तो दोन्ही पायांत असतो, दिवसाच्या कष्टाप्रमाणे कमी-जास्त होतो आणि रात्रीच्या झोपेनं उतरतो.

साताऱ्यात सपाट पायांची चर्चा निघते ती बहुधा भरतीच्या निमित्तानं. माझा पुतण्या गेली काही वर्षं पहाटे शाहू स्टेडियमवर पळायला जातो. घरातल्या सगळ्यांना धास्ती होती की पाय सपाट म्हणून त्याला मेडिकलला काढून टाकतील. एका संध्याकाळी त्याला अंगणात अनवाणी उभं केलं आणि चवड्यांवर उठायला सांगितलं. टाचा वर गेल्या आणि त्याच्या पावलाच्या आतल्या बाजूला स्पष्ट कमान उठून आली. मागून पाहिलं तर दोन्ही टाचा किंचित आत वळल्या होत्या. हा लवचीक सपाट पाय. भार आला की बसतो, चवड्यावर उठलं की परत उभा राहतो. लष्कराच्या वैद्यकीय निकषांतही हाच फरक मानला जातो. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, पाय मऊ आणि हलता असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर धावता-उड्या मारता येत असतील तर उमेदवार चालतो. कमान उठतच नाही, पाऊल ताठ आहे, टाच बाहेर कललेली आहे, तर नाही. ज्या मुलाचा पाय चवड्यावरही सपाटच राहतो आणि ज्याला खेळताना तो दुखतो, त्याला भरतीचं वय होण्याच्या आधीच हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. पावलातली दोन हाडं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली असण्याची शक्यता तिथं असते आणि ती तेलानं, मालिशनं सुटत नाहीत.

पुतण्याचं पाहून झाल्यावर मीही भिंतीला बोटं टेकवून चवड्यांवर उठले. दोन्ही पायांवर जमलं. मग एकेका पायावर. उजव्यावर सहज. डाव्यावर टाच फरशीपासून सुटली, थोडी उचलली गेली आणि घोट्याच्या मागे अशी कळ आली की मी खाली आले.

माझी थोरली मावशी सांगलीला असते. तिची खानावळ होती. पहाटेपासून दुपारपर्यंत तव्यासमोर उभी. तिचेही पाय सपाट, माझ्या आईचेही. आमच्या घराण्याची ती खूणच. मावशीच्या उजव्या पायाच्या आत दुखायला लागलं तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे होती. अंगानं भरलेली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. 'आपले पायच तसले' म्हणून तिनं क्रेप बँडेज बांधून काम चालू ठेवलं. मग काही महिन्यांनी आतलं दुखणं कमी झालं. सगळ्यांना वाटलं बरं झालं. पण पाय मात्र बदलत चालला होता. पाऊल बाहेरच्या बाजूला फाकायला लागलं, घोटा आत झुकला आणि मग दुखणं बाहेरच्या घोट्याखाली आलं. आज तिचा तो पाय हातानं धरून सरळ करायला गेलं तरी होत नाही. सणावाराला ती येते तेव्हा मी मागून तिची चाल बघते. उजव्या पायाची टाच बाहेर पडते आणि बोटं बाहेरून दिसतात. मला तिच्याबद्दल माया वाटते आणि त्या वेळी कुणाला काहीच माहीत नव्हतं याची चुटपूटही. त्यामुळे चपलेवरचं ते वाक्य माझ्या मनात बसलं ते मावशीच्या पायासकट.

मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला आधी झोपवलं नाही, उभं केलं. साडी घोट्यांच्या वर धरून भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि ते मागे स्टुलावर बसून बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. स्वतःचे पाय मागून आपण कधी पाहतच नाही. उजव्या पायाच्या मागून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थोडं दिसत होतं. डाव्या पायाच्या मागून त्याहून एक बोट जास्त दिसत होतं. डाव्या घोट्याच्या आतल्या हाडामागची खळगी भरून आली होती, उजवीकडे ती नीट दिसत होती. त्यांनी तिथं अंगठ्यानं दाबत दाबत खाली, पावलाच्या आतल्या उंचवट्यापर्यंत नेलं. मी त्या सगळ्या रेषेवर ओरडले.

त्या रेषेवर एक टेंडन असतो. पोटरीच्या आत, नडगीच्या मागे एक स्नायू आहे, टिबिआलिस पोस्टेरियर. त्याचा दोर खाली येतो, आतल्या घोट्याच्या हाडामागून वळतो आणि पावलाच्या आतल्या हाडाला जाऊन धरतो. चालताना कमान उचलून धरण्याचं मुख्य काम त्याचं. विहिरीवर कप्पीवरून जाणारा दोर जसा कप्पीशीच विरतो तसा हा वळणावरच झिजतो, कारण तिथं घासणं जास्त आणि रक्तपुरवठा कमी. आधीच सपाट असलेल्या पायात त्याच्यावर आयुष्यभर जास्त ओढ असते. चाळिशीनंतरच्या बायका, वाढलेलं वजन, मधुमेह, रक्तदाब, यांत हा त्रास जास्त दिसतो. दोर आधी सुजतो, मग लांबतो, मग त्याचे धागे तुटतात. तो लांबला की कमान खाली येते, टाच बाहेर कलते आणि पुढचं पाऊल बाहेर फाकतं. पुरता निकामी झाला की आतलं दुखणं कमीही होऊ शकतं, पण ते बरं होणं नसतं. भार आता सांध्यांवर पडलेला असतो, आणि कललेल्या टाचेचं हाड बाहेरच्या घोट्याला जाऊन भिडतं म्हणून दुखणं बाहेर जातं. मावशीचं सगळं मला त्या खुर्चीत बसून कळलं.

डॉक्टरांनी माझं पाऊल हातात घेऊन वळवून पाहिलं. टाच त्यांच्या हातात सरळ होत होती, कमान हातानं उभी करता येत होती. ते म्हणाले, "हे चांगलं आहे. पाय अजून लवचीक आहे." पाय लवचीक असतो तोवर आधार, विश्रांती आणि व्यायामानं बरंच साधतं. पाऊल ताठ झालं, सांधे झिजले की आधारानं दुखणं कमी करता येतं, पण कमान परत आणता येत नाही. तिथं शस्त्रक्रिया म्हणजे सांधे जोडून टाकणं. आधीच्या टप्प्यावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर दुसरा टेंडन वळवून घेणं आणि टाचेचं हाड कापून सरकवणं, असं काहीतरी असतं आणि सांधे हलते राहतात.

एक्स-रेच्या चिठ्ठीवर त्यांनी 'उभं राहून' असं ठळक लिहिलं. तंत्रज्ञ मला टेबलावर झोपवायला लागला तेव्हा मी चिठ्ठी पुढे केली. झोपून काढलेल्या चित्रात पायावर भारच नसतो, त्यामुळे बसलेली कमान त्यात कळत नाही आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. दोन्ही पायांचे, उभं राहून, समोरून आणि बाजूनं, असे काढले की फरक दिसतो. टेंडनसाठी सोनोग्राफी केली. त्यात सूज आणि भोवती पाणी होतं, दोर तुटलेला नव्हता. मी इंजेक्शनचं विचारलं, कारण शाळेतल्या एका सहकारी बाईंना टाचेत घेतलेल्या इंजेक्शननं आराम पडला होता. डॉक्टर म्हणाले, टाचेच्या तळव्याचं दुखणं वेगळं. या टेंडनमध्ये स्टेरॉइड दिलं तर आधीच कमजोर झालेला दोर तुटण्याचा धोका असतो. सहकारी बाईंचं दुखणं सकाळच्या पहिल्या पावलांना टाचेखाली टोचायचं आणि चालल्यावर सैल व्हायचं. माझं चालण्याबरोबर वाढत जायचं आणि घोट्यामागे असायचं. दोन्ही पायाचीच दुखणी, पण जागा आणि वेळ वेगळी.

सुरुवातीचे काही आठवडे पायाला पोटरीपर्यंत येणारा बूट होता, ज्यानं घोटा हलत नाही. शाळेत मुलींनी खूप चौकशी केली. मला बसून शिकवावं लागलं आणि ते मनाला फार लागलं. उभी राहून शिकवणं हाच माझ्या आवाजाचा भाग होता असं तेव्हा जाणवलं. बूट सुटल्यावर इनसोल आले. औषधाच्या दुकानात मिळणारे मऊ जेलचे नव्हेत, ते अंगठ्यानं दाबले की बसतात, तसेच पायाखालीही बसतात. हे जरा कडक, टाचेला खोल वाटी असलेले, आतल्या बाजूला किंचित उंच. पहिल्या दिवसापासून दिवसभर घातले तर तळव्यात खडा टोचल्यासारखं होतं, म्हणून तासा-दोन तासांपासून वाढवत न्यायचे. बूट असा हवा की तो पुढच्या बोटांपाशी वाकावा, पण मधे पिळता येऊ नये. बूट दोन्ही हातांत धरून फडक्यासारखा पिळून पाहायचा, पिळला गेला तर नको.

मला सर्वांत जास्त अवघड गेलं ते घरातलं अनवाणी चालणं सोडणं. इनसोल बुटात आणि आपण दिवसातले कितीतरी तास अनवाणी. स्वयंपाकघर, देवघर, हळदी-कुंकवाला दुसऱ्याची घरं, देवळात दगडी फरशी. पायाला आधाराची गरज असते ते तास आधाराशिवायच जातात. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, घरातही आतून उंच असलेली चप्पल घाला. स्वयंपाकघरात चप्पल हे सासूबाईंना कसं सांगायचं याचं मला दडपण आलं होतं. मी त्यांना मावशीचा पाय आठवून दिला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नवी चप्पल धुऊन, पुसून, ओट्याखाली एका पाटावर ठेवली आणि बजावलं की ही बाहेर नेऊ नकोस.

व्यायाम साधे होते, पण नीट केले तरच उपयोगी. खुर्चीवर बसून, रबरी पट्टा पावलाला अडकवून, पाऊल खाली आणि आत वळवायचं आणि मग सावकाश परत सोडायचं. सोडणं ओढण्यापेक्षा हळू. पोटरीचा ताण भिंतीला हात लावून, गुडघा सरळ ठेवून, अर्धा मिनिट धरायचा, पण आतल्या तळव्याखाली टॉवेलची घडी ठेवून. नाहीतर पोटरी ताणली जाण्याऐवजी कमानच बसते आणि ज्यासाठी करायचं त्याच्या उलट होतं. मग दोन्ही पायांवर चवड्यांवर उठणं, दोन टाचांच्या मधे टेनिसचा चेंडू दाबून धरून. चेंडू पडू द्यायचा नाही म्हटलं की टाचा आपोआप आत येतात आणि नेमका तोच स्नायू कामाला लागतो. पुतण्यानं त्याचा जुना चेंडू दिला, शिवण उसवलेला. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी घोट्यामागे सूज वाढलेली दिसली तर भार कमी करायचा, एवढी खूण मला दिली होती.

यातलं काहीच कळत नसताना आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचा पाय एकदम सुजला, लाल, गरम झाला. मधुमेह जुना, पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे दुखत फारसं नव्हतं. पाऊल मुरगळलं असेल असं घरचे म्हणत होते. मधुमेही माणसाचा पाय दुखापत आठवत नसताना गरम आणि सुजलेला दिसणं, आणि दुखणं त्या मानानं कमी असणं, हे थांबून बघण्यासारखं नाही. पावलातली हाडं आतल्या आत मोडत, ढासळत असू शकतात आणि प्रत्येक पावलागणिक कमान खाली जाते. तिथं त्याच दिवशी पाय टेकणं थांबवून डॉक्टर गाठायचे असतात. आजोबांच्या नातवानं त्यांना चालू दिलं नाही, उचलून रिक्षात घातलं. त्या पोरानं दाखवलेलं प्रसंगावधान मला अजून आठवतं.

आता माझे पाय संध्याकाळी थकतात, दोन्ही, पूर्वीसारखे. बादली, मीठ, तेल, उशी परत आले आहेत आणि त्यांच्यानं आराम पडतो. घोट्यामागची खळगी डावीकडेही दिसायला लागली आहे. एका पायावर चवड्यावर उठता येतं आणि टाच आत वळते. पण उजव्याच्या बरोबरीनं, न थांबता पुन्हा पुन्हा उठणं अजून जमत नाही. डॉक्टरांनी पुढच्या भेटीला तेच बघायचं ठरवलं आहे, आणि मागून फोटो परत काढून जुन्या फोटोशेजारी ठेवायचा. बाहेरून दिसणारी बोटं वाढली किंवा दुखणं बाहेरच्या घोट्याकडे सरकलं, तर घोट्याला कायमचा ब्रेस किंवा शस्त्रक्रियेची बोलणी. तसं नसेल तर व्यायाम चालू ठेवायचे आणि पुढच्या वर्गाला उभी राहून शिकवायला सुरुवात करायची, आधी एक तास, मग दोन.

दिवाळीच्या सुट्टीत मावशीला साताऱ्याला आणायचं ठरलं आहे. तिचा पाय सरळ होणार नाही हे तिला आणि आम्हाला माहीत आहे. पण बाहेरच्या घोट्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून तिच्या पायाच्या मापाचा, घोटा धरून ठेवणारा ब्रेस बनवून घ्यायचा आहे. तिनं फोनवर विचारलं की त्याच्यावर चप्पल बसेल का. मी सांगितलं, मोठ्या मापाचा, चिकटपट्टीचा बूट घेऊ, मी मापाला तुझ्याबरोबर उभी राहते.